आईची बद्धकोष्ठता आणि थायरॉईड: चूर्ण चालू ठेवायचं की बंद करायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचंय, जरा सविस्तर लिहिते.

आई ५९ वर्षांची, गावी असते, वाळवा तालुक्यात. मी पुण्यात. गेल्या दिवाळीच्या आसपास तिला संडासला कडक व्हायला लागलं. आधी एक दिवसाआड, मग तीन तीन दिवस नाही, झालं तर बकरीच्या लेंड्यांसारखे खडे आणि तेही जोर करून करून. गावात सगळ्यांनी सांगितलं कोठा जड झालाय, चूर्ण घ्या. मग सोनामुखीचं चूर्ण सुरू झालं, आधी अर्धा चमचा मग एक मग दीड, मध्ये दोनदा एरंडेल, वर इसबगोल. चूर्ण घेतलं की पोटात मुरडा येऊन एकदा सगळं बाहेर पडायचं आणि पुढचे तीन दिवस परत काही नाही. असे आठ महिने गेले.

या मे महिन्यात मी गावी गेले तर सगळं घर घामाघूम आणि आई स्वेटर घालून बसलेली, रात्री पंखा बंद करायला लावायची. आवाज इतका घोगरा झालेला की फोनवर अनोळखी माणसं तिला 'दादा' म्हणायची. डोळ्यांखाली सूज, दुपारी बसल्या बसल्या झोप. मी म्हटलं ही नुसती पोटाची गोष्ट नाही. इस्लामपुरात एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, ५४ होती, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि पहिली टेस्ट थायरॉईडची लिहून दिली. टीएसएच आला ७४, फ्री टी फोर ०.३८. हिमोग्लोबिन १०.१. ईसीजी काढून २५ ची गोळी दिली, दोन आठवड्यांनी ५० केली.

आता तीन आठवडे झालेत आणि पोटात काहीच फरक नाही. आई म्हणते तुझ्या गोळीने काही होत नाही, माझं चूर्ण बरं. शेजारच्या काकूंनी सांगितलंय की ही गोळी एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही म्हणून आत्ताच बंद करा. मला कळत नाहीये की चूर्ण पूर्ण थांबवू का आणि गोळीला अजून किती दिवस द्यायचे. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

रानवारा
ताई माझ्या मिस्टरांना थायरॉईड आहे त्यांना तर उलट दिवसातून चार पाच वेळा जावं लागायचं, वजन ९ किलो उतरलं, हात थरथरायचे. थायरॉईडने बद्धकोष्ठता होते हे मी पहिल्यांदाच ऐकतेय, रिपोर्ट दुसऱ्या लॅबमधून करून बघा.

सह्यपठार
रानवारा, तुमच्या मिस्टरांचं थायरॉईड जास्त चालत असणार. कृष्णाकाठ यांच्या आईचं कमी चालतंय, म्हणूनच ग्रंथीला कामाला लावणारा टीएसएच इतका चढलाय आणि खुद्द हार्मोन, म्हणजे टी फोर, कमी आहे. नाव एकच पण दोन्ही टोकं उलटी आहेत, त्यामुळे लक्षणंही उलटी. रिपोर्टमध्ये चूक वाटत नाही.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या ठिकाणी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की अंगातलं सगळंच संथ होतं. नाडी संथ, बोलणं संथ, हातोडी मारल्यावर पाय उडतो तोही सावकाश परत येतो. तुमच्या डॉक्टरांनी तेच बघितलं. आतड्याचंही तसंच. आतडं लाटेसारखं आकुंचन पावत मळ पुढे ढकलत असतं, ती लाट मंदावते. मळ मोठ्या आतड्यात जास्त वेळ पडून राहतो आणि मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषायचं असल्यामुळे तो वाळत जातो. म्हणून खडे.

आता यात सोनामुखी काय करते, तर आतड्याला जबरदस्तीने आवळायला लावते. मुरडा येतो, एका दिवसात पोट रिकामं होतं. रिकामं झाल्यावर पुन्हा भरायला मुळात दोन तीन दिवस लागणारच, त्यात आतडं संथ. पण माणसाला वाटतं परत अडकलं, मग परत चूर्ण, आणि जरा जास्त. आईंचा अर्ध्या चमच्याचा दीड झाला तो असाच. चूर्णाने आतडं चिमटा घेतल्यासारखं एकदा हलतं, पण ते मुळात ज्याच्यावाचून हलत नाही ते हार्मोन चूर्णात नाही.

गोळीबद्दल सांगायचं तर तीन आठवडे फार कमी आहेत. ही गोळी रक्तात हळू साठते, एका डोसची पूर्ण पातळी यायला पाच सहा आठवडे लागतात. त्यात आईंचा ५० चा डोस सुरू होऊन एकच आठवडा झालाय. सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच बघायचा आणि त्यावरून डोस ठरवायचा. त्याआधी निकाल लावू नका.

एक विचारतो, आई सकाळी उठल्यापासून काय काय घेतात ते क्रमाने आणि वेळेसकट लिहाल का? गोळी कशाबरोबर घेतात तेसुद्धा.

अण्णा_सोलापूर
सोनामुखी रोज घेतली की आतडं कायमचं निकामी होतं, आमच्या ओळखीत एकांचं झालंय. आजपासून सगळं बंद करा, फक्त कोमट पाणी आणि पपई. आणि कोबी फ्लॉवर घरात आणू नका, थायरॉईडला विष आहे. गोळीबद्दल म्हणाल तर शेजारच्या काकू बरोबर बोलतायत, सवय लागते.

सह्यपठार
अण्णा, रोज जुलाबाचं औषध घेऊ नये हे तुमचं बरोबर, पण कारण वेगळं आहे. ठराविक मात्रेत घेतलेल्या सोनामुखीने आतडं कायमचं निकामी होतं याला भक्कम पुरावा नाही. खरा त्रास म्हणजे मुरडा, पाणी जाणं, पोटॅशियम कमी होणं, आणि त्यामुळे अशक्तपणा अजून वाढतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान या केसमध्ये दिसतंच आहे, आठ महिने थायरॉईडकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

सवय हा शब्द मात्र मला फार खटकतो. आईंची ग्रंथी जे बनवत नाही तेच गोळीतून देतोय. ५९ व्या वर्षी टीएसएच ७४ म्हणजे ग्रंथी बहुतेक थकलेलीच आहे, त्यामुळे गोळी बहुधा कायम लागेल. बंद केली की काही आठवड्यांत आई परत स्वेटर घालून बसतील. चष्मा काढला की दिसत नाही, म्हणून चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही. आणि शिजवलेली कोबीची भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खाऊ दे.

कोमट पाणी आणि पपई यांना माझी ना नाही. पण तीन दिवस न झालेल्या बाईला फक्त त्याच्यावर सोडू नका.

नंदिनी७८
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. मला कॉलेजपासून पोट साफ न होण्याचा त्रास. दोन वर्षांपूर्वी हेल्थ चेकअपमध्ये टीएसएच ६.८ आला, डॉक्टर म्हणाले सापडलं कारण. २५ ची गोळी नियमाने घेते, टीएसएच आता २.९ आहे, आणि पोट जसं होतं तसंच आहे. त्यामुळे थायरॉईड नीट केलं की पोट नीट होतं हे सगळ्यांना लागू होत नाही असं मला वाटतं. आपण फार आशा लावतो आणि मग वाईट वाटतं.

कृष्णाकाठ
सह्यपठार, खूप आभार. आत्ताच फोनवर आईला एकेक विचारून लिहून घेतलं.

साडेपाचला उठते. पोट साफ व्हावं म्हणून स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन दोन चमचे इसबगोल घालते, ते फुगून पेजेसारखं झालं की पिते, आणि त्याच घोटाबरोबर थायरॉईडची गोळी गिळते!! म्हणाली गिळगिळीत असतं म्हणून गोळी पटकन उतरते. मग दहा मिनिटात दुधाचा चहा. सातच्या सुमारास भाकरी आणि त्यावर लोहाची गोळी (ती गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणासाठी मार्चमध्ये दिलीये). झोपताना कॅल्शियम. चूर्ण तिसऱ्या दिवशी रात्री.

सह्यपठार
हेच शोधत होतो.

इसबगोल फुगून त्याचं जे जेल होतं त्यात गोळी अडकते आणि पूर्ण शोषली जात नाही. वर लगेच चहा, आणि दीड तासात लोह. लोह आणि कॅल्शियम दोन्ही या गोळीला पोटात धरून बसतात. म्हणजे आई गोळी रोज घेतायत पण रक्तात किती पोचते देव जाणे. पोट साफ व्हावं म्हणून घेतलेलं औषधच पोट बिघडवणाऱ्या आजाराचं औषध अडवतंय.

आता असं करा. उठल्यावर थायरॉईडची गोळी एकटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम या गोळीनंतर चार तासांनी किंवा पुढे, कॅल्शियम रात्री आहे ते तसंच राहू दे. इसबगोल सध्या थांबवा. आतडं ढकलत नसताना आत नुसता भर वाढवला की गॅस आणि फुगारा होतो, आणि पाणी कमी प्यायलं तर तेच चिखलासारखं बसतं. नंतर आतडं चालायला लागलं की घेता येईल, पण तेव्हाही सकाळच्या गोळीपासून चार तास लांब.

मधल्या काळासाठी आईंना तसंच त्रासात ठेवू नका. मळात पाणी धरून ठेवणारी औषधं असतात, लॅक्टुलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. मुरडा न येता मऊ करतात आणि मधले दोन महिने निभावतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून त्यातलं एक घ्या, ते मात्रा ठरवतील. मी पोटाच्या औषधांच्या विरोधात नाही हे लक्षात घ्या. थायरॉईड तसंच सोडून नुसतं पोटाचं औषध वाढवत नेणं, त्याला माझा विरोध आहे.

आणि लोहाची गोळी कशावर दिली ते बघा. अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन केलं होतं का? थायरॉईड कमी असलं की हिमोग्लोबिन तसंही कमी होतं, लोह कमी नसतानाही. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठता वाढते हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसरी बाजूही आहे. फेरिटिन खरंच कमी आलं तर पाळी गेलेल्या बाईचं लोह कुठे जातंय हे शोधावंच लागेल, आतड्यातून रक्त जातंय का ते बघावं लागेल. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता थायरॉईडच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. एकदा दुर्बिणीने आतडं तपासायचं का हे डॉक्टरांशी बोला. मळात रक्त, वजन उतरणं, असं काही असेल तर थांबूच नका. पोट फुगून टम्म झालं, वारासुद्धा सरत नाही आणि उलटी होतेय, किंवा आई गार पडून जास्तच गुंगीत वाटल्या, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

नंदिनी, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. टीएसएच ६.८ आणि टी फोर नॉर्मल असेल तर अंगात हार्मोन पुरेसं असतं, त्यामुळे तुमच्या पोटाचं कारण बहुधा थायरॉईड नव्हतंच. शिवाय त्रास कॉलेजपासूनचा आहे. आतडं संथ आहे की शेवटच्या टप्प्यावर स्नायू सैल पडायला हवेत ते उलट आवळले जातायत, हे वेगळं बघावं लागतं. तासन् तास बसूनही पूर्ण झालं नाही असं वाटतं का?

नंदिनी७८
हो, अगदी असंच वाटतं. बसून राहते आणि अडकल्यासारखं. हे आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

सह्यपठार
मग पोटविकार तज्ज्ञांना हे याच शब्दांत सांगा. या स्नायूंची तपासणी असते आणि त्यांना परत वळण लावण्याचे व्यायाम असतात, त्याने बऱ्याच जणांना फरक पडतो. २५ ची गोळी तुम्हाला खरंच लागते का हेही थायरॉईड बघणाऱ्या डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका.

वर्धेकर
एक शंका. जर गोळी इतकी हळू चालते तर सरळ डबल डोस घेतला तर लवकर नाही का होणार? माझ्या बहिणीने ५० ची १०० केली होती स्वतःच, तिला आठवड्यात हुशारी वाटली.

सह्यपठार
असं कृपया कुणी करू नका. हार्मोन कमी असताना हृदय संथ लयीत जगायला शिकलेलं असतं. त्याला एकदम पळवलं की धडधड, छातीत दुखणं, ठोके अनियमित होणं हे होऊ शकतं, पन्नाशीच्या पुढे जास्तच. म्हणूनच आईंचा ईसीजी काढून २५ पासून सुरुवात केली. आणि डोस कायम जास्त राहिला तर हाडं ठिसूळ होतात. तुमच्या बहिणीचा टीएसएच सध्या किती आहे ते बघून घ्या.

अण्णा_सोलापूर
कोबीचं आणि सवयीचं मी ऐकीव सांगितलं होतं, ते मागे घेतो. पण ओळखीतल्या माणसाच्या आतड्याचं मी डोळ्यांनी बघितलंय, वीस वर्षं रोज चूर्ण घेत होते. तेव्हा त्या बाबतीत माझं मत कायम आहे.

सह्यपठार
त्यांना आधीपासूनच आतडं संथ असण्याचा आजार असेल आणि म्हणून वीस वर्षं चूर्ण लागलं असेल, असंही असू शकतं. चूर्णाने आतडं गेलं की गेलेल्या आतड्याने चूर्ण मागितलं हे लांबून सांगता येत नाही.

कृष्णाकाठ (सात आठवड्यांनी)
सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, माफ करा.

गोळी एकटी पाण्याबरोबर सुरू केली. आईला चहासाठी तासभर थांबणं फार जड गेलं, तिने मार्ग काढला, उठल्यावर गोळी घेऊन अंगण झाडणं, सडा आणि गाईचं वैरण, मग चहा. डॉक्टरांनी लॅक्टुलोज दिलं झोपताना, चूर्ण बंद. पहिले दोन आठवडे तिने माझ्याशी धड बोलणं केलं नाही, पोट जड आहे आणि मी ऐकत नाही म्हणून. मलाही एकदा वाटलं होतं की द्यावं चूर्ण. पण लॅक्टुलोजने निदान मुरडा न येता मऊ व्हायला लागलं.

मध्ये एक गोंधळ झाला. गावातल्या मेडिकलवाल्याने लोह कॅल्शियम एकत्र असलेली गोळी दिली आणि आई ती नाश्त्यालाच घेत होती, पंधरा दिवस. मला सुट्टीत डबा उघडून बघितल्यावर कळलं. आता डब्याला दोन खण केलेत, सकाळच्या खणात फक्त एकच गोळी.

सातव्या आठवड्यात टीएसएच २८ आला, म्हणजे ७४ वरून २८. डॉक्टरांनी ५० ची ७५ केली. फेरिटिन नॉर्मल आलं म्हणून लोह पूर्ण बंद. मळाच्या तपासणीत रक्त नाही. दुर्बिणीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले एकदा करून घेऊ, आई म्हणते मी मरेन पण ते करणार नाही. त्यावर आमचं अजून चाललंय.

पोटाचं म्हणाल तर साधारण पाचव्या आठवड्यापासून एक दिवसाआड आपोआप व्हायला लागलं, जोर न करता. स्वेटर कपाटात गेलं. फोनवर परवा कुणीतरी तिला 'ताई' म्हटलं, ते सांगायला तिने मला मुद्दाम फोन केला.

सह्यपठार
फारच छान. नाडी किती आहे आता? लॅक्टुलोज एकदम तोडू नका, रोज होतंय असं दिसलं की मात्रा हळूहळू उतरवा. ७५ वर परत सहा आठवड्यांनी टीएसएच. दुर्बिणीबद्दल आईंना ताण देऊ नका, पण विषय सोडूनही देऊ नका. थायरॉईड नीट झाल्यावरही पोट परत अडायला लागलं तर मग वाट बघायची नाही.

कृष्णाकाठ (आणखी दोन महिन्यांनी)
नाडी ७०. टीएसएच ६.१ आला, आता ८८ ची गोळी दिलीये. लॅक्टुलोज तीन आठवड्यांपूर्वी बंद झालं. रोज सकाळी अंगण झाडून झालं की जाते. चूर्णाची बरणी तिने धुवून त्यात मेतकूट भरलंय. दुर्बीण अजून नाही, दिवाळीनंतर जाऊ म्हणालीये.

नंदिनी७८
ऐकून बरं वाटलं. माझी तपासणी झाली, स्नायूंचाच प्रश्न निघाला, व्यायाम सुरू झालेत. तीन सेशन झालेत, अजून फरक सांगण्यासारखा नाही.

रानवारा
कृष्णाकाठ, माझ्या मिस्टरांना जास्त चालणारं थायरॉईड कमी करायला रेडिओआयोडीन दिलं होतं मार्चमध्ये, जुलाब थांबले आणि महिनाभरापासून उलट कडक होतंय, वजन वाढतंय, दुपारी झोपतात. मी इसबगोल सुरू केलं होतं. तुमचा धागा परत वाचून आज सकाळी रक्त द्यायला घेऊन गेले, रिपोर्ट उद्या.